पित्त झालंय की पित्ताशयात खडा अडकलाय? तेलकट जेवणानंतरची पोटदुखी इन्फेक्शनपर्यंत कशी पोहोचते?

लग्नाच्या पंगतीत दोन घास जास्त झाले, रात्री पोटाच्या वरच्या भागात दुखायला लागलं, की घरात ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "पित्त झालंय, सोडा घे." बहुतेक वेळा ते खरंही असतं. आपण रोजच्या बोलण्यात ज्याला 'पित्त' म्हणतो, ते म्हणजे जठरातलं आम्ल, म्हणजेच ॲसिडिटी. पण शरीरशास्त्रातलं पित्त वेगळं आहे. ते यकृतात तयार होतं आणि पित्ताशयात साठतं. त्याचा आंबट ढेकरांशी काही संबंध नसतो.

एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमुळे अनेकांची फसगत होते. दुखणं खरंतर पित्ताशयातल्या खड्याचं असतं आणि गोळ्या मात्र ॲसिडिटीच्या घेतल्या जातात. तासा-दोन तासांनी पोट आपोआप शांत होतं आणि गोळी लागू पडली असं वाटतं. प्रत्यक्षात तेवढ्या वेळात अडकलेला खडा स्वतःच मागे सरकलेला असतो. एखाद्या वेळी तो सरकत नाही, आणि तिथून पुढे गोष्ट गंभीर होऊ लागते.

हे खडे बनतात कसे, दुखणं नेमकं जेवणानंतरच का येतं आणि साध्या कळेचं रूपांतर इन्फेक्शनमध्ये कधी होतं, ते समजून घेऊ.

पित्ताशय करतं तरी काय?

यकृत दिवसभरात साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. जेवणातल्या तेला-तुपाचे बारीक थेंब करून ते पचण्याजोगे करणं, हे त्याचं मुख्य काम. ताटाला चिकटलेलं तूप नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो. पित्तरसातले क्षार आतड्यात तेच साबणाचं काम करतात.

पण आपण चोवीस तास जेवत नाही. मधल्या वेळेत तयार होणारा बराचसा पित्तरस यकृताच्या खाली चिकटलेल्या एका छोट्या पिशवीत जातो. हेच पित्ताशय. लहान वांग्याच्या आकाराच्या या पिशवीत जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर द्रव मावतो. एवढ्याशा जागेत जास्त माल बसवायचा म्हणून पित्ताशय त्यातलं पाणी शोषून घेतं आणि पित्तरस पाच ते दहा पट घट्ट करतं. ही सोय आहे, पण खड्यांची सुरुवातही याच घट्टपणातून होते.

खडा बनतो कसा?

यकृत शरीरातलं जादा कोलेस्टेरॉल पित्तरसातून बाहेर टाकतं. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तक्षार आणि लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ त्याला वेढून द्रवात तरंगत ठेवतात. या तिघांचं प्रमाण बरोबर असेल तोवर सगळं ठीक चालतं.

कोलेस्टेरॉल जास्त झालं किंवा पित्तक्षार कमी पडले, की तोल बिघडतो. साखरेचा पाक जास्त घट्ट झाला तर भांड्याच्या कडेला साखरेचे कण दिसू लागतात, तसे पित्तरसात कोलेस्टेरॉलचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात. पण एवढ्यानेच खडा होत नाही. पित्ताशय जोरात आकुंचन पावून रोज रिकामं होत असेल, तर हे स्फटिक वाहून जातात. ते आळसावलेलं असेल, तर स्फटिक तळाशी बसतात. पित्ताशयाच्या अस्तरातून येणारा चिकट स्राव त्यांना धरून ठेवतो. आधी गाळ होतो, मग वाळूसारखे कण आणि महिने-वर्षं उलटल्यावर खडे. ते मोहरीएवढे असतात, हरभऱ्याएवढे असतात, कधी सुपारीहून मोठेही होतात.

म्हणजे घट्ट झालेला पित्तरस आणि मंद पडलेलं पित्ताशय या दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. धोका कोणाला जास्त, हे यावरून कळतं. इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे पित्तरसात कोलेस्टेरॉल वाढतं आणि प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय सुस्त होतं. गरोदरपणात ही दोन्ही हार्मोन्स वाढलेली असतात, म्हणून बाळंतपणानंतर अनेक स्त्रियांमध्ये खडे सापडतात. लठ्ठपणात यकृत जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. झटपट वजन उतरवताना चरबीतलं कोलेस्टेरॉल पित्तात येतं, आणि खाणं कमी झाल्यामुळे पित्ताशय नीट रिकामंही होत नाही. त्यामुळे 'महिन्यात दहा किलो कमी' अशा डाएटनंतर किंवा वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर खडे होण्याचं प्रमाण वाढतं. वाढतं वय आणि आनुवंशिकता यांचाही वाटा असतो.

सगळेच खडे कोलेस्टेरॉलचे नसतात. रक्तातल्या लाल पेशी वेगाने फुटत असतील, तर बिलिरुबिन हे रंगद्रव्य वाढतं आणि त्याचे काळे खडे बनतात. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांमध्ये ते लहान वयातही दिसतात. विदर्भ आणि नंदुरबारसारख्या सिकलसेल आढळणाऱ्या भागांत, तरुण रुग्णाच्या वारंवार पोटदुखीकडे पाहताना ही शक्यता लक्षात ठेवावी लागते.

मग सगळ्यांनाच त्रास का होत नाही?

खडे असलेल्या बहुतेकांना आयुष्यात कधीच त्रास होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली जाते आणि रिपोर्टमध्ये अचानक खडे दिसतात. पिशवीच्या तळाशी पडून राहिलेला खडा दुखत नाही. तो दाराशी येऊन अडकला तरच दुखतो.

हे दार म्हणजे पित्ताशयाची निमुळती मान आणि तिथून निघणारी अरुंद नळी. पुढे ही नळी यकृतातून येणाऱ्या मुख्य पित्तनलिकेला मिळते.

तेलकट जेवणानंतरच का दुखतं?

अन्नातला स्निग्धांश जठरातून लहान आतड्यात पोहोचला की आतड्याचं अस्तर कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन रक्तात सोडतं. पित्ताशयाला तो निरोप असतो: तेल आलंय, पित्त सोडा. पित्ताशय आवळलं जातं आणि आतला द्रव मानेकडे ढकलला जातो. द्रवाबरोबर खडाही येतो आणि मानेत बूच बसावं तसा बसतो. पिशवी आवळत राहते, पण वाट बंद. आतला दाब वाढतो आणि कळ सुरू होते.

म्हणजे तेलकट जेवणाने त्या रात्री खडा तयार होत नाही. खडा आधीपासूनच असतो, जेवण त्याला फक्त दारापर्यंत आणतं. भजी, मटणाचा रस्सा, बासुंदी यांचं नाव नेहमी घेतलं जातं, पण भरपूर तूप आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडीही आतड्याच्या दृष्टीने तेलकटच. दिवसभराच्या उपवासाने पित्ताशय काठोकाठ भरलेलं असतं आणि त्यावर असं जेवण पडलं, की ते जोरात आवळतं. काहींना मात्र जेवणाशी संबंध नसताना मध्यरात्रीही कळ येते.

ही कळ ओळखण्याच्या काही खुणा आहेत. ती बेंबीच्या वर, मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली येते. अर्ध्या तासात वाढत जाते आणि मग एका पातळीवर टिकून राहते. अनेकदा ती पाठीत, उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे जाते. मळमळ आणि उलटी होते, पण उलटीने आराम पडत नाही. शौचाला जाऊन किंवा ढेकर देऊनही फरक पडत नाही. साधारण अर्धा तास ते पाच-सहा तास दुखतं आणि खडा मागे सरकला की थांबतं. नंतर पोट जवळजवळ नेहमीसारखं होतं. ॲसिडिटीत छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येणं जास्त असतं, आणि दुखणं एवढ्या ठरावीक झटक्यांनी येत नाही.

सहा तासांनंतर काय बदलतं?

खडा सरकलाच नाही, तर बंद पिशवीत घटनांची साखळी सुरू होते.

अस्तर स्राव सोडत राहतं, त्यामुळे पिशवी फुगते. ताणलेल्या, दुखावलेल्या पेशींमधून एक एन्झाइम सुटतं आणि ते पित्तातल्या लेसिथिनचं दाहक पदार्थात रूपांतर करतं. जो पदार्थ काल कोलेस्टेरॉलला सांभाळत होता, तोच आज अस्तर भाजू लागतो. भिंत सुजते, जाड होते. सुरुवातीचे काही तास ही सूज मुख्यतः रासायनिक असते. जंतू अजून मुख्य भूमिकेत आलेले नसतात.

पण साचलेलं, न हलणारं पित्त जंतूंना सोयीचं असतं. एरवी पित्ताचा प्रवाह त्यांना धुऊन काढतो, आता तो प्रवाहच थांबलेला असतो. ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे आतड्यातले जंतू तिथे वाढू लागतात. पुढच्या एक-दोन दिवसांत पिशवीत पू होऊ शकतो. दाब आणखी वाढला तर भिंतीतल्या रक्तवाहिन्या दबतात, रक्तपुरवठा तुटतो आणि भिंतीचा तुकडा सडतो, म्हणजेच गँगरीन होतं. तिथे भोक पडलं, तर पू आणि पित्त पोटात पसरतं.

या बदलाबरोबर दुखण्याची जातही बदलते. सुरुवातीला आतल्या अवयवाचं दुखणं मोघम असतं, बोट ठेवून दाखवता येत नाही आणि रुग्ण अस्वस्थपणे कूस बदलत राहतो. सूज पित्ताशयाच्या बाहेरच्या आवरणापर्यंत पोहोचली, की दुखणं उजव्या बरगडीखाली पक्कं बसतं. मग हलणं, खोकणं, रस्त्यातल्या खड्ड्याचा धक्का, सगळंच दुखतं आणि रुग्ण निपचित पडून राहतो. दुखणं सहा तासांच्या पुढे गेलं, ताप आला किंवा थंडी वाजली, तर हा नेहमीचा झटका राहिलेला नाही, असं समजावं.

एक उदाहरण: शनिवार रात्र ते सोमवार

समजा, ४२ वर्षांची एक महिला आहे. गेल्या चार महिन्यांत तिला तीनदा जेवणानंतर तास-दोन तास दुखलं आणि थांबलं. प्रत्येक वेळी तिने ॲसिडिटीची गोळी घेतली.

शनिवारी रात्री साडेआठला ती रिसेप्शनमध्ये जेवली. दहाच्या सुमाराला बेंबीच्या वर दुखायला लागलं. बाराला दोन उलट्या झाल्या. याआधी एवढ्या वेळात दुखणं थांबायचं, या वेळी थांबलं नाही. पहाटे चारपर्यंत दुखणं उजव्या बरगडीखाली सरकलं आणि दीर्घ श्वास घेताना टोचू लागलं. सकाळी अंगात १०१ ताप होता. नऊ वाजता घरच्यांनी तिला हॉस्पिटलमध्ये नेलं, तेव्हा दुखणं सुरू होऊन अकरा तास झाले होते.

डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, कारण हृदयविकाराचा झटकाही कधी कधी पोटदुखीसारखा वाटतो. तो नॉर्मल होता. मग त्यांनी उजव्या बरगडीखाली बोटं दाबून ठेवली आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. श्वासाबरोबर यकृत आणि पित्ताशय खाली सरकतं. सुजलेलं पित्ताशय बोटांना टेकताच तिचा श्वास अर्ध्यात थांबला. अमेरिकन सर्जन जॉन मर्फी यांच्या नावाने ही खूण 'मर्फी साइन' म्हणून ओळखली जाते.

रक्तात पांढऱ्या पेशी १५,४०० होत्या. नेहमी त्या ११,००० च्या आत असतात. बिलिरुबिन आणि लायपेज नॉर्मल होतं, म्हणजे खडा मुख्य पित्तनलिकेत उतरून कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज झाल्याची चिन्हं नव्हती.

सोनोग्राफीत अनेक खडे दिसले. त्यातला १४ मिलिमीटरचा एक मानेत होता आणि कुशीवर वळवूनही तो हलला नाही. पित्ताशयाची भिंत ५ मिलिमीटर जाड झाली होती, एरवी ती ३ पर्यंत असते. भोवती थोडं पाणी होतं. मुख्य पित्तनलिका ४ मिलिमीटरची, म्हणजे फुगलेली नव्हती.

पोटातली स्थानिक खूण, ताप आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी, आणि सोनोग्राफीतला पुरावा हे तिन्ही जुळल्यावर निदान पक्कं झालं: ॲक्यूट कोलेसिस्टायटिस, म्हणजे पित्ताशयाची तीव्र सूज. तिचं खाणं-पिणं बंद करून सलाईन, वेदनाशामक आणि अँटिबायोटिक इंजेक्शनं सुरू झाली. सोमवारी सकाळी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आतलं पित्त गढूळ झालं होतं, पण भिंत अजून सडलेली नव्हती.

रिपोर्ट वाचताना काय पाहायचं?

सोनोग्राफीसाठी सहा ते आठ तास उपाशीपोटी बोलावतात. जेवलेल्या माणसाचं पित्ताशय आवळलेलं असतं आणि आतले खडे नीट दिसत नाहीत. पित्ताशयातले खडे ही तपासणी फार चांगलं पकडते. साध्या एक्स-रेमध्ये मात्र बहुतेक खडे दिसतच नाहीत, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला याचा अर्थ खडा नाही असा होत नाही.

रिपोर्टमध्ये 'कॅल्क्युलाय' म्हणजे खडे. त्याच्या पुढे 'मोबाइल' लिहिलं असेल, तर खडा हलतो आहे, 'इम्पॅक्टेड' असेल तर अडकला आहे. भिंतीची जाडी आणि 'सीबीडी', म्हणजे मुख्य पित्तनलिकेची रुंदी, हे दोन आकडेही महत्त्वाचे. मुख्य नलिकेतला खडा सोनोग्राफीत अनेकदा सुटतो. तशी शंका असेल, तर एमआरसीपी ही एमआरआयसारखी तपासणी करतात.

औषधाने किंवा घरगुती उपायाने खडा पडत नाही का?

किडनीचा छोटा खडा भरपूर पाण्याने लघवीवाटे पडू शकतो. पित्ताशयाच्या खड्याला हा नियम लागू नाही, कारण प्यायलेलं पाणी पित्ताशयातून वाहत नाही. शिवाय हा खडा 'पडला', तर तो मुख्य पित्तनलिकेत उतरतो. तिथे तो कावीळ, नलिकेचं इन्फेक्शन किंवा स्वादुपिंडाला सूज घडवू शकतो. पडण्याची वाट पाहण्यासारखा हा खडा नव्हे.

ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस पिऊन 'खडे पडले' असे फोटो सोशल मीडियावर फिरतात. त्यातल्या हिरव्या मऊ गोळ्या बहुधा खडे नसतात. तेल आणि पचनरस मिळून आतड्यात बनलेले ते साबणासारखे गोळे असतात. पित्ताशयातले खडे त्यानंतरही सोनोग्राफीत तिथेच दिसतात. उलट, खडे असलेल्या माणसाने कपभर तेल एकदम पिणं म्हणजे पित्ताशयाला जोरात आवळायला सांगणं.

अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड या औषधाने काही खडे विरघळतात, पण ते लहान आणि कोलेस्टेरॉलचे असावे लागतात आणि पित्ताशयाची नळी मोकळी असावी लागते. औषध अनेक महिने घ्यावं लागतं आणि बंद केल्यावर खडे पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते. झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांमध्ये खडे होऊ नयेत म्हणून मात्र डॉक्टर ते देतात.

तेल कमी केल्याने झटके कमी होऊ शकतात. खडा मात्र जागेवरच राहतो.

ऑपरेशन लगेच की सूज उतरल्यावर?

आधी अँटिबायोटिकने सूज उतरवायची आणि दीड-दोन महिन्यांनी ऑपरेशन करायचं, अशी पद्धत बरीच वर्षं होती. आता, रुग्णाची प्रकृती ठीक असेल तर त्याच भरतीत, शक्य तितक्या लवकर पित्ताशय काढण्याकडे कल आहे. पहिल्या तीन-चार दिवसांत सूज पाण्याने फुगल्यासारखी असते आणि थर सुटे करता येतात. नंतर आजूबाजूचे अवयव घट्ट चिकटत जातात आणि ऑपरेशन अवघड होतं. थांबण्याच्या काळात दुसरा झटका येण्याचा धोकाही असतोच. जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीत, २०१३ मध्ये, २४ तासांत ऑपरेशन झालेल्यांमध्ये गुंतागुंत सुमारे १२ टक्के होती, तर उशिरा झालेल्यांमध्ये सुमारे ३४ टक्के.

फक्त खडे न काढता अख्खं पित्ताशयच काढतात, कारण खडे बनवणारी पिशवी मागे ठेवली तर खडे पुन्हा होतात. दुर्बिणीतून हे ऑपरेशन पहिल्यांदा जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये केलं. भारतात ते १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी सुरू केलं. रुग्णाची अवस्था भूल सहन करण्याजोगी नसेल, तर त्वचेतून नळी घालून पित्ताशयातला पू आधी बाहेर काढतात.

पित्ताशय काढल्यावर पचन बंद पडत नाही. यकृत पित्त बनवतच राहतं, फक्त ते साठण्याऐवजी थेट आतड्यात झिरपतं. काहींना तेलकट खाल्ल्यावर शौच पातळ होते, आणि ते बहुतेकदा कालांतराने कमी होतं.

त्रास न देणारे खडे अचानक सापडले, तर सहसा ऑपरेशनची गरज नसते. एकदा कळ येऊन गेली असेल, तर मात्र ती पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते. दोन झटक्यांच्या मधल्या शांत काळात, ठरवून केलेलं ऑपरेशन सर्वांत सोपं असतं.

हॉस्पिटल कधी गाठायचं?

वरच्या पोटातलं दुखणं सहा तासांनंतरही थांबत नसेल, त्यासोबत ताप किंवा थंडी असेल, डोळे पिवळे दिसत असतील, लघवी चहासारखी गडद झाली असेल, किंवा उलट्यांमुळे पाणीही टिकत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. दुखण्यासोबत घाम, धाप किंवा छातीत दडपण असेल, तर सहा तासही थांबायचं नाही, आधी ईसीजी काढून घ्यायचा.

मधुमेह असलेल्यांनी आणि वयस्कर माणसांच्या घरच्यांनी आणखी सावध राहावं. त्यांच्यात सूज वाढत असतानाही दुखणं आणि ताप कमी असू शकतो, आणि गँगरीनचा धोका मात्र जास्त असतो. अशा माणसाचं अचानक जेवण तुटलं, मळमळ आणि सुस्ती आली आणि उजव्या बरगडीखाली हात लावला की दुखतं, एवढंही तपासणीसाठी पुरेसं कारण आहे.